चप्पल आधी, टिकली शेवटी: काठापदराच्या साडीवर रंग निवडण्याचा क्रम

साडी नेसून झाली, केस झाले, निघायला दहा मिनिटं उरली आणि मग बांगड्यांचा डबा उघडला. गडबड होते ती इथे. घाईत हात जातो तो साडीच्या रंगाकडेच. काठ राणी, म्हणून बांगड्या राणी, टिकली राणी, आणि सापडली तर चप्पलही राणी खड्यांची. सुटी सुटी बघितली तर यातली एकही वस्तू वाईट नसते. एकत्र आल्या की मात्र साडी मागे पडते आणि राणी ठिपके पुढे येतात.

यात दोन चुका असतात. एक क्रमाची, दुसरी जुळवण्याची. या तिन्ही वस्तू साडीशी जुळवायच्याच नसतात. त्या अंगावर ज्याच्या शेजारी दिसतात, त्याच्याशी त्यांचं जमायला हवं. चप्पल दिसते काठाखाली. बांगड्या दिसतात बाहीच्या खाली, आणि हात सोडला की निऱ्यांवर. टिकली तर साडीच्या जवळपासही नसते, तिच्याभोवती फक्त कपाळ असतं. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात.

इथे मी फक्त काठापदराच्या रेशमी साडीबद्दल लिहिते आहे: पैठणी, नारायणपेठ, इरकल आणि त्यांच्या जवळपासच्या सहावारी साड्या. सणाला याच निघतात आणि गडबडही यांच्याचवर होते, कारण एकाच कापडात तीन-चार रंग आधीच ठाण मांडून असतात. उदाहरण माझ्या धाकट्या जावेचं घेते. गौरीच्या हळदीकुंकवाला तिला मोरपंखी पैठणी नेसायची होती, काठ डाळिंबी, जर सोनेरी. संध्याकाळी चार घरी जायचं होतं.

## आदल्या दिवशीची तयारी

साडी, ब्लाउज, हाताशी असतील त्या सगळ्या बांगड्या, टिकल्यांची पाकिटं आणि चपलांचे दोन-तीन जोड, सगळं खिडकीजवळ आणून ठेवा. दिवसाचा उजेड हवा. रंग आधी या उजेडात बघायचे आणि नंतर ज्या दिव्यांत समारंभ आहे तसल्या दिव्याखाली पुन्हा बघायचे. दोन वस्तू ट्यूबलाइटखाली अगदी एकसारख्या डाळिंबी दिसतात आणि अंगणात आल्यावर एक विटकरी निघते, दुसरी जांभळट. पिवळ्या दिव्याखाली लाल-केशरी रंग आणि जर उठून दिसतात, निळे रंग मंदावतात. दुकानात जुळवून आणलेली बांगडी घरी येऊन बिघडते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

साडीची घडी पूर्ण मोडा. नुसतं वरचं पान बघून ठरवू नका. पदर उलगडून साडीच्या अंगावर ठेवा, कारण नेसल्यावर ते दोन्ही एकमेकांवर येणार आहेत.

## टप्पा १: साडीत काय काय आहे ते मोजा

कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: अंगाचा रंग, काठाचा रंग, पदराचा रंग, जरीचा रंग. पाचवी ओळ ब्लाउजची.

जरीचा रंग लोक लिहीतच नाहीत, आणि पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून असतं. जर पिवळी सोनेरी आहे, तांबूस आहे की रुपेरी? जुन्या किंवा जुनं रूप दिलेल्या साडीत ती मळकट तपकिरीकडे झुकते. बांगड्यांतला धातू आणि चपलेवरची झळाळी या जरीशी जुळली पाहिजे. तांबूस जरीवर लखलखीत पिवळे तोडे घातले तर तोडे खोटे वाटतात, मग ते खऱ्या सोन्याचे का असेनात.

साडी धूपछाव असेल तर तिला अंगाचे दोन रंग असतात. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. कापड सपाट धरा, मग हातात चुरगळून तिरकं करा. घडीच्या कडेला जो रंग चमकतो तो दुसरा. दोन्ही लिहून ठेवा. जावेची साडी सपाट मोरपंखी दिसत होती, निऱ्या धरल्या की घडीघडीत हिरवा चमकत होता. पुढे बांगड्यांपाशी हीच गोष्ट नडणार होती, ते तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

तपासा: कागदावर तीन किंवा त्याहून जास्त ठळक रंग झाले असतील तर वस्तूंमधून आणखी नवा रंग आणायचा नाही. दोनच असतील, म्हणजे अंग आणि काठ एकाच रंगाचे असतील, तर एका नवीन रंगाला जागा आहे.

## टप्पा २: चप्पल

चप्पल आधी, कारण साडीची उंची तिच्यावर ठरते. अनवाणी नेसून नंतर दोन इंच टाचेची चप्पल घातली की काठ तेवढाच वर उचलला जातो आणि घोटा दिसू लागतो. उलट टाच घालून नेसलं आणि दारात चपला काढल्या, तर तोच काठ जमिनीवर लोळतो. हळदीकुंकवाला, पूजेला, कुणाच्या घरी जेवायला जाताना चपला बाहेर काढायच्याच असतात. मग टाच कशासाठी? अशा दिवशी सपाट चप्पल, फार तर अर्धा इंच. टाच ठेवायची ती सभागृहातल्या लग्नाला, जिथे चप्पल बहुतेक वेळ पायातच राहते.

आता रंग. सहावारीत चपलेचा पुढचा तेवढा भाग दिसतो आणि त्याच्या लगेच वर काठ असतो. म्हणून चपलेचा प्रश्न अंगाशी नाही, काठाशी आहे. काठाच्याच रंगाची चप्पल घेतली की काठ कुठे संपतो ते कळत नाही, पाय आणि साडी एक होऊन जातात. जवळच्या पण वेगळ्या छटेची घेतली तर आणखी वाईट, जुळवायला गेलो आणि जमलं नाही असं दिसतं.

तीन रंग जवळजवळ कुठल्याही जरीच्या काठाखाली शांत राहतात: कातड्याचा नैसर्गिक तपकिरी, मंद सोनेरी, आणि तांबूस जरीला तांबूस. साधी कोल्हापुरी म्हणूनच इतक्या साड्यांवर चालते. तिचा रंग कातड्याचा, त्वचेच्या जवळचा, तो काठाशी भांडायला जात नाही. रुपेरी जरीला मात्र मंद रुपेरी किंवा राखाडी. काळी चप्पल संक्रांतीच्या काळ्या साडीवर ठीक. जरीच्या लाल-हिरव्या काठाखाली ती भोक पडल्यासारखी दिसते.

नऊवारीची गोष्ट वेगळी. तिथे पाऊल आणि घोटा उघडा असतो, चप्पल पूर्ण दिसते, त्यामुळे तिथे नीट घडणीची कोल्हापुरी किंवा मोजडी हवी, आणि झळाळी आणखी कमी.

जावेने आधी डाळिंबी खड्यांची बक्कलवाली चप्पल काढून ठेवली होती. "ताई, काठाला अगदी मॅचिंग आहे!" अगं, म्हणूनच नको. शिवाय चार दारांत वाकून चार वेळा बक्कल काढायचं आणि चार वेळा लावायचं, तेही निऱ्या सांभाळत. तपकिरी कोल्हापुरी ठरली.

सावध राहा: चपलेवर खडे किंवा धातूचे टोकदार तुकडे असतील तर जुनी शिफॉनची ओढणी त्यावरून फिरवा. धागा अडकला तर ती चप्पल काठाच्या आतल्या बाजूची जरही ओढणार.

तपासा: ठरलेली चप्पल साडीच्या काठावर ठेवा आणि दहा पावलं मागे जा. आधी काठ दिसला पाहिजे. आधी चप्पल दिसली तर ती बदला.

## टप्पा ३: बांगड्या

इथे थोडा वेळ काढा, कारण दिवसभर हलते ती हीच गोष्ट. वाण देताना, आरती करताना, फोटोत हात पुढे येतात.

सगळ्यात आधी हे ठरवा की काही सक्तीचं आहे का. मंगळागौर, डोहाळजेवण, लग्न अशा प्रसंगी हिरव्या काचेच्या बांगड्या हव्यातच असं बऱ्याच घरांत असतं. मग हिरवा हा ठरलेला रंग समजा आणि तो कागदावर सहावा म्हणून लिहा. सक्ती नसेल तर निवड मोकळी.

मग माप. बांगडीवर 2.4 लिहिलेलं असतं ते दशांश चिन्ह नाही. त्याचा अर्थ आतला व्यास 2 इंच आणि 4 सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. 2.6 म्हणजे 2 इंच 6 सोळांश, आणि 2.8 म्हणजे अडीच. दोन मापांत फरक फक्त एक अष्टमांश इंचाचा. त्यामुळे डब्यातल्या वेगवेगळ्या मापांच्या बांगड्या एका हातात सहज मिसळतात, कुणाला कळतही नाही. मोठी बांगडी लहानीवर चढते, आपटते आणि ऐन हळदीकुंकवात बांगडी वाढवायची वेळ येते. भरायच्या आधी सगळ्या एकावर एक रचून बघा, जी बाहेर डोकावते ती बाजूला काढा.

रंगासाठी दोन शेजारी बघायचे. वर ब्लाउजची बाही, खाली निऱ्या. बाही कोपरापर्यंत असेल आणि तिला जरीचा काठ असेल, तर हाताचा वरचा अर्धा भाग आधीच भरला आहे. तिथे मनगटावर चार बोटं रुंदीच्या बांगड्या पुरे. बाही आखूड असेल तर सहा बोटांपर्यंत चालतं. बाही आणि बांगड्या यांच्यामध्ये निदान तळहाताएवढा हात उघडा दिसला पाहिजे, नाहीतर लांबून पूर्ण हाताचं पोलकं घातल्यासारखं वाटतं.

निऱ्यांशी जमवताना एकच नियम मी पाळते: रंग एक तर तोच असावा किंवा स्पष्ट वेगळा. "जवळजवळ तोच" नको. हिरव्यात हा घोटाळा सगळ्यात जास्त होतो, कारण हिरव्याच्या छटा पुष्कळ आणि आपण सगळ्यांना हिरवाच म्हणतो. बाटलीहिरवा, पोपटी, शेवाळी, पाचूसारखा, मोरपंखीकडे झुकणारा.

आमचा घोटाळा नेमका हाच झाला. घरात गौरीच्या दिवशी हिरव्या बांगड्या घालायच्या असतात. जावेकडे तीन प्रकारच्या होत्या. गर्द बाटलीहिरव्या मोरपंखी निऱ्यांवर धरल्या तर दिसेनाच, नुसती सोनेरी नक्षी तरंगत होती. नेहमीच्या हिरव्यागार धरल्या, तर त्या साडीतल्या त्या घडीच्या हिरव्याच्या इतक्या जवळ आल्या, पण एक पाऊल चुकल्यासारख्या. साडी मळकी दिसायला लागली. राहिल्या पोपटी. त्या आधी डोळ्यात भरत होत्या म्हणून बाजूला सारल्या होत्या. निऱ्यांवर ठेवल्या तेव्हा पहिल्यांदा साडी आणि बांगडी दोन्ही स्वच्छ दिसल्या.

डोळ्यांवर भरवसा वाटत नसेल तर फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. बांगडी आणि साडी करड्याच्या एकाच छटेत आली तर गडद-फिकटाचा फरक नाही, आणि संध्याकाळी दिव्यांत त्या एकमेकांत बुडणार. आमच्या फोटोत हिरव्यागार बांगड्या जवळजवळ गायब होत्या, पोपटी वेगळ्या उठल्या होत्या.

मात्र पोपटी भडक आहे, त्याची किंमत संख्येत मोजायची. बाटलीहिरव्या प्रत्येक हातात बारा चालल्या असत्या, पोपटी सहाच. मग त्यांच्या दोन्ही टोकांना सोनेरी काहीतरी हवं, एक पाटली किंवा नक्षीची बांगडी, म्हणजे काचेचा रंग बांधला जातो आणि तो धातू जरीशी बोलतो. जावेने एका टोकाला पाटली, दुसऱ्या टोकाला साधी सोनेरी बांगडी घातली. तिला तोडेही घालायचे होते. तोडे घातले असते तर काच सगळी काढावी लागली असती, दोन्हीचं वजन एका मनगटावर पेलत नाही.

काठाच्या रंगाच्या एक-दोन बांगड्या मध्ये ओवायचा मोह होतो. लाल, हिरवी, लाल, हिरवी. तो रुमालाचा काठ दिसतो. काठ आधीच पायाशी आहे, पदरावर आहे, बहुतेक वेळा ब्लाउजही त्याच रंगाचं आहे.

सावध राहा: खड्यांच्या किंवा कंगोरेदार बांगड्या पैठणीच्या पदराच्या मागच्या बाजूला अडकतात. तिथे सुटे धागे असू शकतात. शिफॉनची चाचणी इथेही करा, आणि पदर ज्या हातावर घेणार त्या हातात तरी गुळगुळीतच घाला.

तपासा: हात सोडून सरळ उभ्या राहा, मग नमस्कार करा. सोडलेल्या हाताची बांगडी निऱ्यांवर दिसते, नमस्काराची ब्लाउजवर. दोन्ही ठिकाणी ती वेगळी दिसली तर जमलं.

## टप्पा ४: टिकली

टिकली शेवटी, कारण ती बदलायला दोन सेकंद लागतात आणि आधीच्या दोन टप्प्यांत जे राहून गेलं ते तिच्यात भरता येतं.

तिचा शेजारी म्हणजे तुमची त्वचा. म्हणून पहिला प्रश्न रंग साडीला जुळतो का हा नाही, कपाळावर दिसतो का हा आहे. सावळ्या कपाळावर गर्द मरून लांबून काळा होतो, तिथे स्वच्छ लाल किंवा डाळिंबी उठतो. उजळ कपाळावर भडक लाल एकटाच ओरडतो, तिथे मरून आणि गर्द डाळिंबी शांत बसतात. हिरव्या आणि निळ्या टिकल्या सणाच्या साडीवर मी टाळते. हातात हिरवा आधीच असतो, कपाळावर आणखी एक हिरवा ठिपका कामाचा नाही.

रंग काठाकडून घ्या, पण फक्त तिथूनच. अंगाच्या रंगाची टिकली सहसा फसते, मोरपंखी कपाळावर काय करणार?

आकार ठरवायची सोपी पद्धत: भुवयांच्या मधल्या जागेत टिकली लावल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना तिच्याच रुंदीइतकी मोकळी जागा उरली पाहिजे. बऱ्याच जणींना 5 ते 8 मिलिमीटर पुरतात. नथ घालणार असाल तर खड्यांची टिकली नको, चेहऱ्यावर चमकणारी जागा एकच. चंद्रकोर लावायची तर तिची टोकं वर, आणि मध्य नाकाच्या रेषेत. चेहरा आरशाच्या अगदी जवळ नेऊन लावली की ती तिरकी बसते, हात लांब करून बघा.

कपाळ आधी कोरडं करा. क्रीम किंवा पावडरवर टिकली चिकटत नाही, आणि घामाने सरकलेली टिकली फोटोत सगळ्यात आधी दिसते.

सावध राहा: काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचं रसायन असतं आणि त्यामुळे काहींच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. खाज, लाली किंवा फिकट ठिपका दिसला तर टिकली लगेच बंद करा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर कपाळ मोकळं राहू द्या. नवीन पाकीट सणाच्या दिवशी पहिल्यांदा फोडू नका, दोन दिवस आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून बघा. फक्त डाग कधी कधी उशिरा उमटतो, म्हणून दंडावर काही झालं नाही तरी पुढे कपाळावर लक्ष असू द्या.

जावेची टिकली डाळिंबी, 6 मिलिमीटर, साधी गोल. नथ होती म्हणून खडा नाही.

## टप्पा ५: नेसल्यावरची पाहणी

आता सगळं अंगावर आहे. पूर्ण उंचीचा फोटो काढायला सांगा, दिवा संध्याकाळचा असू द्या. फोटोत काठाचा रंग साडी-ब्लाउज सोडून किती ठिकाणी आला ते मोजा. एका ठिकाणी आला तर ठीक. दोन ठिकाणी आला तर शक्यतो दुसरा काढा. तीन ठिकाणी म्हणजे आपण पुन्हा सुरुवातीच्या गडबडीत आलो.

मग चमक मोजा. जर सोडून चमकणाऱ्या जागा किती? नथ, गळ्यातलं, पाटल्या, चप्पल. चप्पल चमकत असेल तर ती आधी बदला. गळ्यात भरगच्च काही असेल तर हातातलं कमी करा, कानातलं नाही. कानातलं चेहऱ्याला धरून असतं.

काही खटकतंय पण काय ते कळत नाही, असं झालं तर एक-एक वस्तू हाताने झाकून फोटो बघा. जी झाकल्यावर साडी सुधारली, तीच दोषी. बहुतेक वेळा ती चप्पल किंवा एखादी जादा बांगडी निघते.

जावेच्या फोटोत डाळिंबी फक्त टिकलीत होता, पोपटी फक्त हातात, पायात कातड्याचा तपकिरी. चमक नथीची आणि पाटल्यांची. गळ्यात तिने दोन पदरी मोत्यांची माळ घातली होती, ती आम्ही राहू दिली. मोती जरीसारखे लखलखत नाहीत.

निघताना तिने पर्समध्ये एक टिकलीचं पाकीट, दोन सेफ्टी पिना आणि कागदात गुंडाळून दोन जादा पोपटी बांगड्या टाकल्या. तिसऱ्या घरी आरतीचं तबक फिरवताना एक वाढवलीच. काच उचलली, कागद उघडला, आणि पुन्हा सहा.